गाडी खोलण्याआधी कागद द्या: इंदूरच्या एका वर्कशॉप मालकांना खुलं पत्र

माननीय वर्कशॉप मालक,
सप्रेम नमस्कार.

सोमवारी संध्याकाळपासून माझी एक पिकअप तुमच्या आवारात उभी आहे. मंगळवारी दुपारी तुमच्या फोरमनचा फोन आला. तो मला नाही, माझ्या ड्रायव्हरला आला. "चारों इंजेक्टर जाएंगे, साठ-पैंसठ का खर्चा है, मैडम से हां बुलवा दो, परसों गाड़ी ले जाना." ड्रायव्हरने मला कळवलं, मी लगेच फोरमनला फोन केला आणि दोनच गोष्टी विचारल्या: कोणती तपासणी केली, आणि हे लिहून मिळेल का? उत्तर आलं, "हमारे यहां लिख के नहीं देते." मग मी तुम्हाला फोन केला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ताई, इतक्या वर्षांचा व्यवहार आहे आपला, कागदाची काय गरज?"

कागदाची गरज काय, हेच सांगायला हे पत्र लिहिते आहे. ते सर्वांसमोर लिहिते आहे, कारण पालद्यापासून देवास नाक्यापर्यंत दोन-चार गाड्या चालवणारे माझ्यासारखे कितीतरी लोक आहेत आणि त्यांनाही असाच तोंडी "हो" मागितला जातो. तुमच्या वर्कशॉपचं नाव मी इथे घेणार नाही. मला तुमची बदनामी करायची नाही, माझी गाडी नीट दुरुस्त करून हवी आहे.

व्यवहार जुना आहे हे अगदी खरं. बाबांनी 1996 मध्ये एका टेम्पोवर धंदा सुरू केला, तेव्हापासून आमच्या गाड्या तुमच्याकडे येतात. तेव्हाच्या इंजिनांत डिझेलचा पंप साधा, यांत्रिक असायचा. मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोजलचा पाइप पान्याने किंचित सैल करायचे. ज्या सिलिंडरचा पाइप सैल केल्यावर आवाजात फरक पडला नाही, त्यात दोष. बाबा शेजारी उभे असायचे, त्यांनाही तो फरक ऐकू यायचा. निदान दोघांच्या कानांसमोर व्हायचं, म्हणून कागद लागत नव्हता.

आज माझ्या चारही गाड्या कॉमन रेलच्या आहेत, म्हणजे डिझेल दाबाखाली एका सामाईक नळीत, रेलमध्ये, साठतं आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. रेलमध्ये डिझेलचा दाब निवांत चालतानाही शेकडो बार असतो आणि चढावर भार असताना हजाराच्या पुढे जातो. तिथे चालू इंजिनावर पाइप सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ, त्या धारेने कातडी फाटून डिझेल आत शिरतं. आता दोष कानाला कळत नाही, तो स्कॅनरच्या पडद्यावर आणि मोजमापात दिसतो. तो पडदा तुमच्या माणसाच्या हातात असतो. मी तिथे नसते, ड्रायव्हरला तो वाचता येत नाही. म्हणून जे पूर्वी ऐकू यायचं ते आता लिहून मिळायला हवं.

गेल्या ऑगस्टमध्ये काय झालं ते तुम्हाला आठवत असेल, तरी मी क्रमाने सांगते. या पत्राचं मूळ तिथे आहे.

माझी 2018 ची बीएस-4 पिकअप बुऱ्हाणपूरहून चोइथराम मंडीत केळी आणते. फेरी सुमारे 180 किलोमीटरची, वाटेत भेरूघाट. जुलैअखेरीस गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ घेऊ लागली. सेल्फ आठ-दहा सेकंद मारावा लागायचा. एकदा सुरू झाली की दिवसभर व्यवस्थित. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरलेली गाडी घाट चढताना अचानक दम सोडू लागली, इंजिनचा दिवा लागला आणि वेग वीसच्या वर जाईना. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, बंद करून पुन्हा सुरू केली, तर दिवा तसाच पण ताकद परत. दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. त्या रात्री माल पहाटेच्या लिलावाला पोहोचला नाही. अडत्याने उशिराच्या मालाचे सात हजार कमी दिले.

गाडी तुमच्याकडे आणली. स्कॅनर लावला, P0087 हा कोड आला. पाच मिनिटांत निर्णय झाला: "पंप गया."

मला तेव्हा त्या कोडचा अर्थ माहीत नव्हता, आता माहीत आहे. P0087 एवढंच सांगतो की इंजिनच्या कॉम्प्युटरने रेलमध्ये जितका दाब मागितला तितका मिळाला नाही. का मिळाला नाही, हे तो सांगत नाही. ताप आहे असं थर्मामीटर सांगतो, मलेरिया आहे की टायफॉइड हे सांगत नाही, तसंच हे. डिझेल टाकीतून निघतं, फिल्टरमधून जातं, पंपात दाब मिळवतं, रेलमध्ये साठतं, इंजेक्टरमधून सिलिंडरमध्ये जातं, आणि उरलेलं परतीच्या नळीने टाकीकडे येतं. दाब कमी पडायला या वाटेवर कुठेही कारण असू शकतं. पंपापर्यंत पुरेसं डिझेलच पोहोचत नसेल, कारण फिल्टर तुंबलाय किंवा वाटेत हवा ओढली जातेय. पंप खरंच झिजला असेल. पंप चांगला असून एखादा इंजेक्टर गरजेपेक्षा जास्त डिझेल परतीच्या नळीत सोडत असेल, किंवा रेलवरचा सुरक्षा व्हॉल्व्ह गळत असेल. किंवा दाब मोजणारा सेन्सरच खोटं सांगत असेल. या प्रत्येकाची वेगळी तपासणी आहे, आणि पंप हा त्यातला सर्वांत महाग भाग आहे.

यातली एकही तपासणी तुमच्याकडे झाली नाही. पाचव्या दिवशी गाडी मिळाली आणि वहीच्या अर्ध्या पानावर हाताने लिहिलेला हिशेब मिळाला: पंप 34,500, लेबर 4,800, इतर 2,000. एकूण 41,300 रुपये. पंप नवा की रिकंडिशन, कुठल्या नंबरचा, वॉरंटी किती, काही नाही. "इतर" म्हणजे काय तेही नाही. जुना पंप मागितला तर तो "एक्सचेंज में चला गया". मी रकमेबद्दल बोलू लागले तेव्हा फोरमननी सरळ सांगितलं की पैसे आल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. शनिवार होता, रविवारच्या मालाचं भाडं ठरलेलं होतं, बँकेचा 21,400 चा हप्ता तोंडावर होता. मी पैसे भरले.

गाडी मिळाल्यानंतर सहाव्या दिवशी भेरूघाटात तोच दिवा, तीच कमी झालेली ताकद, आणि स्कॅनरवर तोच P0087.

मधले पाच दिवस गाडी बरी का चालली, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. उत्तर साधं होतं. त्या दिवसांत ती पीथमपूरला हलक्या मालाच्या फेऱ्या करत होती, सपाट रस्त्यावर. तुमची ट्रायलही रिकाम्या गाडीवर, वर्कशॉपपासून चौकापर्यंत झाली होती. जो दोष भरलेल्या गाडीत, चढावर, इंजिन जास्त डिझेल मागतं तेव्हाच दिसतो, तो रिकाम्या गाडीत सपाटीवर दिसणारच नाही.

तेव्हा तुमच्या फोरमनचं पुढचं वाक्य होतं, "तो फिर इंजेक्टर होंगे." म्हणजे पंप बदलून पाहिला, नाही जमलं, आता इंजेक्टर बदलून पाहू. पाहायचं तुम्ही, पैसे माझे.

मी गाडी देवास नाक्यावरच्या एका दुसऱ्या मिस्त्रींकडे नेली. दुकान तुमच्या चौथाईएवढंही नाही. त्यांनी आधी ड्रायव्हरला समोर बसवून पंधरा मिनिटं विचारलं: थंड असताना वेळ घेते की गरम असताना? रात्रभर उतारावर उभी असते की सपाटीवर? घाटात चौथ्या गिअरला जाते की तिसऱ्यातही? मग फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी नळी काढून तिथे एक हातभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन सुरू केलं. मला जवळ बोलावलं. "देखिए मैडम."

नळीतून पिवळसर डिझेल वाहत होतं आणि त्यात मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक पंपाकडे चालले होते. त्यांनी एक्सिलरेटर वाढवला, तशी बुडबुड्यांची माळच झाली. हे पाहायला कुठलाही स्कॅनर लागला नाही. नळी त्यांच्याकडे होतीच.

त्यांनी मग स्कॅनरवर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब एकाच वेळी दाखवला. घाटाच्या तोंडाशी, गाडीत वजन टाकून, मी स्वतः त्यांच्या शेजारी बसले होते. कॉम्प्युटर 1,400 बार मागत होता, मिळत होता साधारण 900 आणि तोही खाली घसरत होता. इंजेक्टरही त्यांनी तपासले: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार वेगळ्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन एक मिनिट आयडलवर चालवलं. बाटल्यांत 24, 26, 23 आणि 25 मिलिलिटर डिझेल जमलं. एखादा इंजेक्टर गळत असता तर त्याची बाटली बाकीच्यांपेक्षा स्पष्ट भरलेली दिसली असती. चारही जवळजवळ सारखे, आणि कंपनीच्या मर्यादेच्या आत. इंजेक्टर सुटले.

दोष निघाला फिल्टरच्या तळाशी, पाण्याच्या सेन्सरच्या बसणीत. तिथली रबरी ओ-रिंग एका बाजूला चिमटली होती, दिसायला सशाच्या दाताचा चावा असावा तशी. या गाडीत टाकीत विजेचा पंप नाही, पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो. त्यामुळे फिल्टरच्या भागात आतून ओढ असते, डिझेल बाहेर ढकलणारा दाब नसतो. फट असली तरी डिझेल बाहेर टपकत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. म्हणून खाली एकही डाग नव्हता आणि कुणाचं लक्ष गेलं नाही. रात्रभर त्याच फटीतून हवा शिरून नळीतलं डिझेल टाकीकडे उतरायचं, म्हणून सकाळी सेल्फ मारत बसावं लागायचं. आणि चढावर पंपाला जास्त डिझेल हवं असताना डिझेलबरोबर हवा मिळायची, म्हणून दाब पडायचा. दोन्ही तक्रारींचं कारण एकच होतं. माझा ड्रायव्हर पहिल्या दिवशीच सांगत होता की सकाळी त्रास आणि घाटात त्रास. ते वाक्य कुणी लिहून घेतलं असतं, तर दोन्ही एकत्र वाचलं गेलं असतं.

ओ-रिंग, नवा फिल्टर आणि मजुरी मिळून 1,900 रुपये. तो दोष पुन्हा आलेला नाही.

फिल्टर त्याआधीच्या सर्व्हिसला तुमच्याकडेच बदलला होता. ओ-रिंग तेव्हा चिमटली की आधीपासून तशी होती, हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसा आरोप करत नाही. पण 41,300 रुपये ज्या पंपासाठी गेले, तो पंप खराब होता याचा एकही पुरावा तेव्हा नव्हता आणि आजही नाही. झिजलेल्या पंपाची एक खूण असते: तो आतून खरवडला गेला की धातूची बारीक, चंदेरी भुकटी डिझेलमध्ये उतरते. फिल्टर कापून पाहिला किंवा रेलमधलं डिझेल पांढऱ्या कापडावर घेतलं की ती दिसते. तशी भुकटी असेल तर नुसता पंप बदलून भागत नाही, टाकी, नळ्या, रेल सगळं धुवावं लागतं, नाहीतर तीच भुकटी नव्या पंपाला आणि इंजेक्टरना खाते. तुम्ही काहीच धुतलं नाही. म्हणजे एकतर भुकटी नव्हती आणि पंप बहुधा चांगला होता, किंवा होती आणि काम अर्धवट झालं. यातलं कुठलं, ते मला आजही कळलेलं नाही, कारण जुना पंप मला दाखवला गेला नाही.

आता आजच्या गाडीबद्दल. ही दुसरी पिकअप आहे आणि हिची तक्रार वेगळी आहे. ही सकाळी थंड असताना पटकन सुरू होते. पण दीड-दोन तास चालून, ढाब्यावर दहा मिनिटं थांबून परत सुरू करायला गेलं की सेल्फ फिरतो आणि इंजिन धरत नाही. अर्धा तास थंड होऊ दिलं की धरतं.

मी प्रामाणिकपणे सांगते, या वेळी तुमच्या फोरमनचं म्हणणं बरोबर असू शकतं. गरम झालेलं डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून ते जास्त परत जातं, आणि सेल्फच्या हळू फेऱ्यांत पंप तेवढा दाब तयार करू शकत नाही. इंजिन धरायला सेल्फवर रेलमध्ये साधारण 200 बारच्या आसपास दाब लागतो. नक्की आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो गाठला नाही तर कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. म्हणून "गरम असताना सुरू होत नाही" ही इंजेक्टर गळतीची ओळखीची खूण आहे.

पण "असू शकतं" आणि "आहे" यांत चाळीस-पन्नास हजारांचा फरक पडतो. चारही इंजेक्टर गळतायत की एकच? परतीच्या बाटल्यांत तीन 30 च्या आसपास आणि एक 90 दाखवत असेल, तर मला एकाचा खर्च आहे. चारही वर असतील तर मी चारही बदलीन, तक्रार न करता. आणि एखाद्या सिलिंडरची कॉम्प्रेशनच, म्हणजे हवा दाबण्याची ताकदच, कमी असेल, तर नवे इंजेक्टर घालूनही गाडी तशीच राहील. तेव्हा इंजेक्टरला हात लावण्याआधी कॉम्प्रेशन पाहिली का? गरम इंजिनावर सेल्फ मारताना रेलचा दाब कितीपर्यंत चढला, तो आकडा कुणी लिहिला का? फोरमनना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "तजुर्बे से पता चलता है." त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे. गेल्या वर्षी पंपाचा निर्णयही त्याच अनुभवाने झाला होता.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं नाही. तुम्ही फोनवर तीन सांगितल्या, त्यांना मी इथे उत्तर देते.

पहिली, "खोलल्याशिवाय कळत नाही." काही कामांत हे खरं आहे. गिअरबॉक्स किंवा इंजिनाच्या आतलं काम असेल तर खोलल्यावर आणखी निघू शकतं. मग एस्टिमेटमध्ये दोन भाग करा: हे नक्की आहे, आणि हे खोलल्यावर निघू शकतं, निघालं तर खर्च एवढ्यापर्यंत. पण इंधनाच्या दाबाच्या कामात जवळजवळ सगळ्या तपासण्या काहीही न खोलता, किंवा एखादी नळी काढून होतात. तिथे हे कारण लागू पडत नाही.

दुसरी, "लिहायला वेळ नाही." माझ्या समोर त्या देवास नाक्याच्या मिस्त्रींनी बाटल्यांचे चार आकडे सिगरेटच्या पाकिटाच्या मागे लिहिले होते. मला तेवढंही चालेल, फक्त तारीख, गाडी नंबर आणि सही हवी. आजच्या स्कॅनरमधून रिपोर्ट मोबाइलवर पाठवताही येतो.

तिसरी अडचण तुम्ही जरा अडखळत सांगितलीत आणि मला ती सर्वांत खरी वाटली: "आम्ही तासभर घालून दोष शोधतो, लिहून देतो, आणि गिऱ्हाईक तोच कागद घेऊन स्वस्त दुकानात जातं." हा तुमच्यावर अन्याय आहे, मला मान्य आहे. दोष शोधणं हेही काम आहे, आणि आम्ही मालक त्याचे पैसे द्यायला कुरकुरतो, म्हणून तुम्ही ते पैसे पार्ट्समध्ये धरता. माझ्यापुरतं मी हे थांबवते. निदानाचे वेगळे पैसे घ्या. या गाडीसाठी 2,000 रुपये देते, दुरुस्ती तुमच्याकडे झाली तरी, नाही झाली तरी.

कायद्याचाही मी थोडा विचार केला, धमकी म्हणून नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 170 नुसार, सोपवलेल्या वस्तूवर त्या कामासाठी कौशल्य आणि श्रम घातलेल्या कारागिराला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. म्हणजे त्या शनिवारी गाडी अडवण्याचा हक्क तुमच्याकडे होता. पण तो हक्क सोपवलेल्या कामापुरता आहे. मग सोपवलेलं काम कोणतं आणि मोबदला किती, हे आधीच लिहिलेलं असलं तर तुमचाही हक्क पक्का आणि माझाही. तोंडी कामावर फाटकात वाद होतो, आणि ज्याच्या आवारात गाडी आहे तो जिंकतो.

दुसरी बाजू अशी की नंतर दाद मागणं माझ्यासारखीला सोपं नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 व्यापारी कारणासाठी सेवा घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून सूट आहे. एक गाडी स्वतः चालवणारा भाऊ त्यात बसू शकेल. माझ्या चार गाड्या आहेत आणि पगारी ड्रायव्हर आहेत. मला आधी मी ग्राहक आहे की नाही यावरच भांडावं लागेल, आणि तोवर गाडीचे दहा हप्ते होऊन जातील. म्हणून मला दुरुस्तीनंतरचं भांडण नको आहे, दुरुस्तीच्या आधीचा कागद हवा आहे.

आता माझं मागणं सांगते.

गाडी आत घेताना जॉब कार्ड करा आणि त्यावर ड्रायव्हरचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा: कधी होतं, थंड की गरम, भार किती, किलोमीटर किती. ते लिहायला तीन मिनिटं लागतात आणि त्याच तीन मिनिटांवर माझे 41,300 गेले.

कोड आला तर तो पुसण्याआधी त्याच्याबरोबरची फ्रीझ फ्रेम लिहून ठेवा. कोड पडला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, भार किती, तापमान किती, हे कॉम्प्युटर स्वतः जपून ठेवतो. कोड पुसला की ते जातं. मग प्रत्येक तपासणीचा आकडा, त्याच्याशेजारी कंपनीची मर्यादा, आणि शेवटी एका ओळीत निष्कर्ष: या आकड्यांवरून हा भाग खराब. शक्यता दोन असतील तर दोन्ही लिहा, पण कुठली आधी तपासणार तेही लिहा.

एस्टिमेटमध्ये प्रत्येक पार्टचा नंबर, नवा की रिकंडिशन, वॉरंटी, लेबर आणि जीएसटी वेगवेगळे दाखवा. "इतर" हा शब्द नको. इंजेक्टर बदलणार असाल तर तांब्याचे वॉशर नवे घालणार का, आणि प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये भरणार का, हेही त्यात यावं. हे दुसरं राहिलं की नवे इंजेक्टर घालूनही इंजिन खडखडतं आणि धूर मारतं, आणि मग पुन्हा नवं निदान सुरू होतं.

खर्च सांगितलेल्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढणार असेल तर काम थांबवा आणि मला मेसेज करा. मला म्हणजे मला. माझा ड्रायव्हर गाडी चालवतो, माझ्या खर्चाला होकार देण्याचा अधिकार त्याला नाही, आणि त्याच्याकडून "हो" घेऊन तुम्ही त्यालाही अडचणीत टाकता. बाबांशी तुम्ही स्वतः बोलायचात. आता गाड्या माझ्या नावावर आहेत, तर माझ्याशी बोला.

काढलेला प्रत्येक भाग गाडीसोबत परत द्या. एक्सचेंजमध्ये द्यायचा असेल तर आधी मला दाखवा आणि त्याची किंमत बिलात वजा करा. आणि गाडी देण्याआधी ट्रायल त्याच परिस्थितीत घ्या ज्यात दोष येतो. या गाडीसाठी ते सोपं आहे: तासभर चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. तीन वेळा धरली तर गाडी मी घेते.

गेल्या वर्षीचे पैसे मी या पत्रात परत मागत नाही. तो जुना पंप अजून कुठे असेल, तर तो आणि त्याची तपासणी एवढं मात्र मला हवं आहे.

शुक्रवारी सकाळी दहाला मी ड्रायव्हरला घेऊन वर्कशॉपमध्ये येते. निदानाचे 2,000 रुपये आणि चार रिकाम्या, मापाच्या बाटल्या बरोबर आणते. गाडी आधी तासभर बायपासवर फिरवू, गरम असतानाच नळ्या सोडू, आकडे फोरमनदादा लिहितील आणि आम्ही दोघे त्याखाली सही करू. चारही इंजेक्टर खराब निघाले तर त्याच टेबलावर एस्टिमेट लिहा, मी तिथेच होकार देते आणि निम्मी रक्कम आगाऊ भरते.

तोपर्यंत कृपया इंजेक्टरला पाना लावू नका.

आपली,
चार पिकअप गाड्यांची मालकीण
इंदूर